रुपयात चार आणे: सातवीच्या वर्षाची श्रेणी कशी बनते

सातवीच्या सर्व पालक मंडळींना सप्रेम नमस्कार.

मागच्या वर्षी निकालाच्या दिवशी एक पालक प्रगतीपत्रक हातात धरून माझ्या टेबलाजवळ बराच वेळ उभे होते. शेवटी म्हणाले, "सर, पोराला पेपरात पन्नासपैकी पंचेचाळीस पडले म्हनतो. मंग इथं ब-१ कामून?" मी त्यांना तोंडी सांगितलं, त्यांनी मान हलवली, पण पटलं नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं. चूक माझी होती. जूनमध्ये सांगायची गोष्ट मी मे महिन्यात सांगत होतो. म्हणून यंदा शाळा उघडल्या उघडल्या हे पत्र पाठवतो आहे. काही मुलं यंदा दुसऱ्या शाळेतून आपल्याकडे आली आहेत, त्यांच्या पालकांनी तर आवर्जून वाचावं. ज्यांना वाचायला अडचण असेल त्यांनी मुलांकडून वाचून घ्यावं, म्हणजे मुलांच्याही कानावरून जाईल.

पत्र लांब आहे. शेजारी एक कोरा कागद आणि पेन ठेवा, कारण मधे थोडी बेरीज करायची आहे.

पहिली गोष्ट. आपल्या वेळी वार्षिक परीक्षा म्हणजे सगळं होतं. सहामाही कशीही गेली तरी मार्च-एप्रिलात रात्र जागून पोरं वर निघायची. आता तसं नाही. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झालं. नाव जड आहे, अर्थ सोपा आहे: मूल वर्षभर काय करतं ते वर्षभर पाहायचं आणि त्याचे गुण धरायचे. त्याचे दोन भाग आहेत. वर्ग चालू असताना जे पाहतो ते आकारिक मूल्यमापन, आणि सत्राच्या शेवटी जी परीक्षा घेतो ते संकलित मूल्यमापन. ही दोन नावं लक्षात ठेवा, प्रगतीपत्रकाच्या आतला सगळा हिशेब त्यांच्यावरच चालतो.

कुठल्या इयत्तेला कोणत्या भागाचं वजन किती, हे ठरलेलं आहे. पहिली-दुसरीला आकारिक ७० आणि संकलित ३०. तिसरी-चौथीला ६० आणि ४०. पाचवी-सहावीला निम्मं निम्मं. सातवी-आठवीला ते उलटतं, आकारिक ४० आणि संकलित ६०. म्हणजे गेल्या वर्षी सहावीत असताना तुमच्या मुलाच्या प्रत्येक विषयाला जे ५०-५० होतं, ते यंदा ४०-६० झालं आहे. परीक्षेचं वजन वाढलं, हे खरं. पण किती वाढलं याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. तो कसा, ते आता बघू.

वर्षात दोन सत्रं. पहिलं जून ते दिवाळी, दुसरं दिवाळीनंतर ते एप्रिल. प्रत्येक सत्राला प्रत्येक विषय १०० गुणांचा, म्हणजे वर्षाचे झाले २००. यातले ६० गुण जे संकलितचे म्हटले, त्यातही दोन तुकडे आहेत: लेखी पेपर ५० गुणांचा आणि तोंडी किंवा प्रात्यक्षिक १० गुणांचं. आता २०० गुणांचा एक रुपया धरा. एप्रिलचा लेखी पेपर ५० गुणांचा, म्हणजे रुपयात चार आणे. दिवाळीच्या आधीचा लेखी पेपर आणखी चार आणे. दोन्ही पेपर मिळून आठ आणे झाले. उरलेले आठ आणे पेपरात नसतातच. दोन सत्रांचे आकारिक ४० आणि ४०, दोन सत्रांची तोंडी १० आणि १०, असे ते १०० गुण होतात.

घरात सगळा घोर लागतो तो एप्रिलच्या चार आण्यांचा. त्या वेळी तीन चतुर्थांश वर्ष ठरून गेलेलं असतं, नाही तर हातातून निसटलेलं असतं.

आता आकारिकचे ४० कुठून येतात ते सांगतो. शासनाने साधनं सुचवलेली आहेत: रोजचं निरीक्षण, तोंडीकाम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय. कोणत्या साधनाला किती गुण द्यायचे ते विषय पाहून शिक्षकाने ठरवायचं असतं. म्हणून शेजारच्या गावच्या शाळेत प्रकल्पाला ५ आणि आमच्याकडे १० असं दिसलं तर गोंधळू नका. मी विज्ञान शिकवतो, तेव्हा विज्ञानाचंच सांगतो. माझ्याकडे एका सत्राला तोंडीकाम ५, प्रयोग १०, प्रकल्प १०, स्वाध्याय ५ आणि दोन छोट्या घटक चाचण्या मिळून १०. झाले ४०. मराठीत प्रयोग नसतो, तिथे प्रकट वाचन आणि लेखन जास्त खातं. गणितात चाचणीचं वजन जास्त आहे. प्रत्येक विषयाची वाटणी वर्गाच्या दारामागे लावलेली आहे, शाळेत आलात की फोटो काढून घ्या.

या पाचातलं चाचणी आणि स्वाध्याय सगळ्यांना कळतं. घोळ होतो तो प्रकल्पात, म्हणून त्यावर जरा थांबतो.

प्रकल्प म्हटलं की घरी धावपळ सुरू होते. तालुक्याच्या गावी जाऊन थर्माकोल, रंगीत कागद, चमकी आणली जाते. कधी तयार मॉडेलच विकत येतं. मोठा भाऊ रात्री बसून चिकटवतो. सकाळी मूल ते दोन्ही हातांनी सांभाळत शाळेत आणतं, आणि मी दहापैकी तीन देतो. मग मूलही नाराज आणि दीडशे रुपये खर्च करणारे तुम्हीही नाराज.

तीनच का, ते बघा. माझे प्रकल्पाचे १० गुण असे असतात: विषय निवडून काय करायचं ते आधी लिहून देणं २, रोजच्या किंवा आठवड्याच्या नोंदी ४, त्यातून काय निघालं ते स्वतःच्या शब्दांत २, आणि मी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं २. दिसायला कसं आहे याला वेगळा गुण नाही. विकतच्या ज्वालामुखीला नोंदी नसतात, म्हणून तिथले चारही गेले. नियोजनाचा एक, निष्कर्षाचा एक, उत्तराचा एक, झाले तीन.

आता दुसरी बाजू. गेल्या पावसाळ्यात एका मुलीने अन्नपदार्थांच्या सुरक्षेच्या पाठाला जोडून प्रकल्प केला. घरात चार रिकाम्या बाटल्या होत्या. चारींमध्ये तिने एकाच पोत्यातले मूग भरले, पेलाभर प्रत्येकीत. एकीत तसेच, दुसरीत उन्हात वाळवून, तिसरीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून, चौथीत चुलीची चाळलेली राख मिसळून. तोंडाला फडकं बांधलं आणि दर रविवारी बाटली ताटात ओतून भोकं पडलेले दाणे मोजले. पहिले दोन रविवार तिच्या वहीत सगळीकडे शून्यच आहे. नंतर पहिल्या बाटलीत भुंगे दिसायला लागले. सहाव्या रविवारी तिने लिहिलं, "राखेच्या बाटलीत सगळ्यात कमी. पण मूग धुवायला आईला तीन पाणी लागले." हे शेवटचं वाक्य वाचून मी तिला निष्कर्षाचे पूर्ण दोन दिले. खर्च शून्य होता, वही साधी होती, पाल्याच्या बाटलीत एका रविवारची नोंद राहून गेली होती म्हणून एक गुण गेला. दहापैकी नऊ.

तेव्हा प्रकल्पाची चौकशी करताना "झाला का?" असं विचारू नका. "या आठवड्याची नोंद दाखव" असं म्हणा. नोंदी एका रात्रीत भरलेल्या असल्या की आम्हाला लगेच कळतं. सहाही आठवड्यांना एकच शाई असते, अक्षराचा कल एकसारखा असतो, एकही खाडाखोड नसते आणि आकडे कसे नेमाने चढत जातात. खऱ्या नोंदीत एखादा रविवार तरी विचित्र निघतोच.

तोंडीकामाबद्दल एक बारकावा. आकारिकमधलं ५ गुणांचं तोंडीकाम आणि संकलितमधलं १० गुणांचं तोंडी-प्रात्यक्षिक ही दोन वेगळी आहेत. पहिलं वर्गात रोज चालू असतं: प्रश्न विचारला तर उत्तर देतो का, शंका विचारतो का. दुसरं सत्राच्या शेवटी, लेखी पेपरच्या आसपास, एकेकाला बोलावून घेतो. पुष्कळ मुलं त्या दिवशी दांडी मारतात, "पेपर नाही आज" म्हणून. ते दहा गुण पेपरातल्या दहा गुणांइतकेच असतात, आणि मिळायला बरेच सोपे. तेवढा दिवस तरी पोराला शेतात नेऊ नका.

आता बेरजेकडे वळू. सत्राचे १०० पैकी गुण झाले की त्यांची श्रेणी लावतात. प्रगतीपत्रकावर तुम्हाला श्रेणी दिसते, गुण शाळेच्या नोंदवहीत असतात. कोष्टक असं आहे:

९१ ते १००: अ-१
८१ ते ९०: अ-२
७१ ते ८०: ब-१
६१ ते ७०: ब-२
५१ ते ६०: क-१
४१ ते ५०: क-२
३३ ते ४०: ड
२१ ते ३२: इ-१
२० आणि त्याखाली: इ-२

वरच्या सहा पायऱ्या दहा-दहा गुणांच्या आहेत. ७१ वाला आणि ८० वाला दोघेही ब-१, आणि ८० व ८१ वाल्यांत फरक एका गुणाचा पण श्रेणी वेगळी. हे मलाही फारसं पटत नाही, पण कुठेतरी रेघ ओढावी लागते. तुम्ही एवढंच करा, शेजारच्या पोराशी श्रेणीची तुलना करून घरात कुणाला बोलू नका. एका गुणावरून पोराला मार बसल्याचं मी पाहिलं आहे.

एक पूर्ण हिशेब करू. नाव खोटं आहे, तिला रुक्मिण म्हणू. विज्ञान विषय. पहिल्या सत्रात तोंडीकाम ४, प्रयोग ८, प्रकल्प ९, स्वाध्याय ४, चाचण्या ६. आकारिक झालं ३१. संकलितमध्ये तोंडी-प्रात्यक्षिक ८ आणि लेखी पेपरात ५० पैकी २७, म्हणजे ३५. एकतीस आणि पस्तीस, सहासष्ट. पहिल्या सत्राची श्रेणी ब-२. नुसता पेपर पाहिला तर पोरगी पन्नास टक्क्यांच्या जरा वर आहे, पण वर्गात तिचं काम चांगलं होतं, ते इथे दिसलं.

दिवाळी झाली आणि तिचे आई-वडील ऊसतोडीला गेले. ही गोष्ट आपल्या भागात नवीन नाही, या वर्गातल्याही काही घरांची आहे, म्हणून मुद्दाम हेच उदाहरण घेतलं. घरी म्हातारं माणूस नव्हतं, हंगामी वसतिगृहात ठेवायला आई तयार नव्हती, म्हणून रुक्मिणही कोयत्याबरोबर गेली. मार्चच्या सुरुवातीला परत आली. चारपैकी दोन प्रयोग बुडाले, म्हणून प्रयोगाचे ४. स्वाध्याय २, तोंडीकाम ३. चाचण्या परत आल्यावर घेतल्या, ५. प्रकल्प मात्र तिने जाताना मला विचारून नेला होता: महिनाभर चंद्र कसा दिसतो ते रोज काढायचं आणि वेळ लिहायची. शुक्ल पक्षात कोपीसमोरून संध्याकाळी. कृष्ण पक्षात चंद्र रात्री उशिरा उगवतो, तेव्हा झोप लागलेली. पण पहाटे चारला सगळे फडात निघायचे, तेव्हा तो आभाळात असायचा, मग ती पहाटेची वेळ लिहायची. वर्गातल्या एकाही मुलाच्या नोंदीत कृष्ण पक्ष पुरता नव्हता, हिच्या वहीत होता. चार-पाच दिवस रिकामे होते, ढग का कंटाळा ते तिने लिहिलं नव्हतं. दहापैकी आठ.

आकारिक झालं २२. एप्रिलमध्ये तोंडी-प्रात्यक्षिक ७, लेखी २९. सत्राची बेरीज ५८, श्रेणी क-१.

वर्षाची श्रेणी काढायची ती दोन सत्रांच्या श्रेणींवरून नाही, गुणांवरून. ६६ आणि ५८ मिळून १२४, त्याचे निम्मे ६२. वर्षाची श्रेणी ब-२. आता तिने प्रकल्प आणलाच नसता तर काय झालं असतं? दुसऱ्या सत्रात ५० राहिले असते, बेरीज ११६, निम्मे ५८, आणि वर्ष क-१ वर गेलं असतं. एका साध्या वहीने वर्षाची श्रेणी धरून ठेवली.

ज्यांना दिवाळीनंतर बाहेर जायचं आहे त्यांनी निघण्याआधी दोन कामं करा. शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या आणि कारखान्याच्या जवळ जी शाळा असेल तिथे ते दाखवून मुलाला बसवा. तिथल्या गुरुजींनी चाचणीचे, स्वाध्यायाचे गुण कागदावर लिहून सही-शिक्का दिला तर मी ते आकारिकमध्ये धरतो. नुसतं "तिथं शाळेत जात होता" याचा मला गुण लिहिता येत नाही. दुसरं, सत्राचे प्रकल्प आधीच विचारून घ्या. कोपीत बसून करता येईल असा विषय प्रत्येक शिक्षक देईल.

आता सुरुवातीचे ते पंचेचाळीसवाले पालक. त्यांच्या मुलाचा हिशेब असा होता: लेखी ४५, तोंडी-प्रात्यक्षिक ६, म्हणजे संकलित ५१. आकारिकमध्ये तोंडीकाम २, प्रयोग ६, प्रकल्प ३ (तोच ज्वालामुखी), स्वाध्याय ३, चाचण्या ८, मिळून २२. एकूण ७३, म्हणून ब-१. वडिलांच्या डोक्यात ४५ म्हणजे नव्वद टक्के होते आणि नव्वदला अ-२ असते, त्यांचं गणित त्यांच्या जागी बरोबर होतं. अ-२ ला आठ गुण कमी पडले. प्रकल्पाच्या नोंदी ठेवल्या असत्या तर चार, स्वाध्याय पुरे केले असते तर दोन, वर्गात तोंड उघडलं असतं तर दोन. तंतोतंत आठ. हुशार मुलांचं बहुतेक असंच होतं, पेपरच्या जोरावर बाकीचं सोडून देतात.

दिवाळीच्या सुट्टीत घरी बसून पुढचा अंदाज काढता येतो, तो असा. पहिल्या सत्राचे गुण शाळेतून लिहून घ्या. वर्षाला कोणती श्रेणी हवी ते ठरवा, तिचा सगळ्यात खालचा आकडा घ्या, दुप्पट करा आणि त्यातून पहिल्या सत्राचे गुण वजा करा. राहिले ते दुसऱ्या सत्रात हवेत. रुक्मिणचे ६६ होते आणि तिला ब-१ हवी असती तर ७१ ची दुप्पट १४२, वजा ६६, राहिले ७६. दुसऱ्या सत्रात तिचं आकारिक २२ च झालं, म्हणजे परीक्षेत साठपैकी ५४ लागले असते. पहिल्या सत्रात जिला ३५ पडले तिला ५४ कुठून येणार? पण आकारिक आधीसारखं ३१ राहिलं असतं तर ४५ पुरले असते. तेही अवघडच, पण जमण्यातलं. (१४१ झाले तरी निम्मे साडेसत्तर होतात आणि आम्ही अर्धा गुण पुढे धरतो. त्या अर्ध्यावर विसंबून मात्र राहू नका.)

चित्रकला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण या तीन विषयांना लेखी पेपर नाही. त्यांचे शंभरच्या शंभर आकारिकचे. बाकी काही सांगण्यासारखं नाही, खेळाच्या तासाला मूल मैदानावर असलं आणि चित्रकलेच्या तासाला वही असली की झालं.

चूक आमच्याकडूनही होते, आणि ती पकडायची युक्ती सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी एका मुलाचे आकारिकचे ३४ गुण निकालपत्रकात उतरवताना २४ लिहिले. रात्रीचे अकरा वाजले होते, तिसऱ्या वर्गाचं पत्रक चालू होतं, कारण काहीही असो, चूक ती चूक. दहा गुण गेले म्हणजे श्रेणी बरोबर एक पायरी खाली आली. त्याच्या आईने वर्षभर एका वहीच्या मागच्या पानावर मुलाचे गुण लिहून ठेवले होते, प्रयोग किती, चाचणी किती, जसे मिळतील तसे. तिने ते पान समोर ठेवलं आणि म्हणाली, "सर, माझी बेरीज जास्त येतेय." तिचीच बरोबर होती. मी त्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या सहीने दुरुस्ती केली.

तसं पान तुम्हीही ठेवा. प्रत्येक विषयाला एक पान, डावीकडे पहिलं सत्र, उजवीकडे दुसरं. चाचणीचा पेपर घरी येतो, प्रयोगवहीवर गुण असतात, प्रकल्पावर असतात, ते उतरवून घ्यायला दोन मिनिटं लागतात. तोंडीकामाचे गुण तेवढे घरी कळत नाहीत, ते मला विचारा. निकाल लागण्याआधीच्या शनिवारी मी नोंदवही घेऊन वर्गात बसतो, तेव्हा या. निकाल हातात पडल्यावर दुरुस्ती होते, पण पायपीट वाढते.

आता ज्या प्रश्नाला सगळे घाबरतात तो. सातवीत ३३ च्या खाली गुण आले, म्हणजे इ-१ किंवा इ-२ लागली, तर मूल नापास होतं का? नाही. सातवीतून आठवीत ते जातंच. पण त्या मुलाला जादा मार्गदर्शन करून निदान ड पर्यंत आणणं हे आमचं काम असतं. म्हणून उन्हाळ्यात किंवा शाळेआधी मुलाला बोलावलं तर ती शिक्षा समजू नका आणि पाठवत जा. परीक्षेच्या दिवशी मूल आजारी असेल तर कळवा, ते बरं झालं की आम्ही परीक्षा घेतो. न कळवता गैरहजर राहिलं तर तुमच्या दारात येऊन विचारायला वेळ नसतो, एवढंच.

आणि पुढच्या वर्षीचं आत्ताच सांगून ठेवतो. आठवीचं गणित वेगळं आहे. ७ डिसेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने पाचवी आणि आठवीला दुसऱ्या सत्राच्या शेवटी वार्षिक परीक्षा आली. आठवीला ती प्रत्येक विषयाला ६० गुणांची असते आणि त्यात ३५ टक्के, म्हणजे २१ गुण मिळवावे लागतात. तिथे कमी पडलं तर पुरवणी परीक्षा असते आणि त्यातही राहिलं तर मूल त्याच वर्गात बसू शकतं. वर्गातल्या कामाचे गुण कितीही चांगले असले तरी ते या २१ मध्ये मिसळत नाहीत. रुक्मिणच्या एप्रिलच्या संकलितमध्ये साठपैकी ३६ होते, ती बिनधास्त निघाली असती. पण या वर्गात मागच्या एप्रिलला, सहावीत, पन्नासपैकी पंधरा-सोळावर राहिलेली आणि आकारिकच्या आधाराने ड-क मध्ये आलेली काही मुलं आहेत. त्यांच्या पालकांना मी वेगळं बोलावणार आहे. बोलावलं तर या, एक दिवसाचा रोज बुडेल याची मला कल्पना आहे, म्हणून वेळ संध्याकाळी सहानंतरची ठेवली आहे.

पत्राच्या मागे तुमची किंवा घरातल्या मोठ्या माणसाची सही करून मुलाबरोबर सोमवारपर्यंत परत पाठवा. सोबत त्याच कागदावर एवढं लिहा: दिवाळीनंतर मूल गावातच राहणार की तुमच्याबरोबर येणार. त्यावरून मला पहिल्या सत्रातच प्रयोगांची मांडणी बदलता येईल.

आपला,
वर्गशिक्षक, इयत्ता सातवी